वाढलेले खांब आणि न वाढलेली रेघ

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक आलेख लागला. ठाण्यातली ४८ फ्लॅटची, १९९८ साली बांधलेली, सात मजली, दोन लिफ्टची आमची इमारत. मी तिथली खजिनदार. २०१४-१५ ते २०२४-२५ या वर्षांत दर फ्लॅटमागे महिन्याला सरासरी किती मेंटेनन्स आकारला गेला, ते अकरा उभ्या खांबांत दाखवलं होतं. डावीकडचा खांब १,८५० रुपयांचा, उजवीकडचा ६,०५०चा. खाली दोन ओळींची सूचना होती: वाढत्या खर्चामुळे मेंटेनन्स वाढला आहे, सभासदांनी सहकार्य करावं.

त्या संध्याकाळी बोर्डापुढे बरीच गर्दी होती. पहिल्या मजल्यावरचे पेन्शनवर राहणारे काका शेवटच्या खांबावर बोट ठेवून उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई, दहा वर्षांत तिपटीच्या वर? माझी पेन्शन तर तिप्पट झाली नाही." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वह्या उघडल्या तेव्हा लक्षात आलं, की आलेखातला एकही आकडा खोटा नव्हता, तरी आलेख लोकांची दिशाभूल करत होता. तो मीच तयार केला होता, त्यामुळे दुरुस्त करणंही माझंच काम होतं.

या लेखाचं निमित्त आमची सोसायटी असली, तरी प्रश्न तेवढ्यापुरता नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत लाखो कुटुंबं सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात आणि दर महिन्याला किंवा तिमाहीला हे बिल भरतात. मेंटेनन्स वाढला की कमिटीवर संशय घेतला जातो, आणि निवडणुकीत मेंटेनन्स कमी ठेवल्याचं श्रेय घेतलं जातं. माझं म्हणणं असं, की आपल्यापैकी बऱ्याच जुन्या सोसायट्यांत तो कमी होता तेव्हाही खर्च पूर्ण होत होता. फरक फक्त इतकाच, की त्याचा काही भाग भलतंच कोणीतरी भरत होतं. ते कोण, हे ज्या आलेखातून दिसत नाही, तो लावून काही उपयोग नाही.

आधी आलेखातली सोपी चूक सांगते. खांबांची उंची शून्यापासून सुरू होत नव्हती, १,५०० रुपयांपासून होत होती. कॉम्प्युटरने जागा वाचवायला ती तशी घेतली आणि मी ती तशीच छापली. त्यामुळे १,८५०चा खांब ३५० रुपयांइतका उंच दिसला आणि ६,०५०चा ४,५५० रुपयांइतका. वाढ सव्वातीन पट, पण डोळ्यांना दिसली तेरा पट. कोणत्याही सोसायटीच्या बोर्डावर असा आलेख दिसला, तर आधी डावीकडच्या पट्टीवर सर्वांत खाली कोणता आकडा आहे तो बघा.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. ६,०५० या आकड्यात तीन वेगवेगळ्या जातीचे पैसे एकत्र होते. पहिले रोजच्या खर्चाचे: वॉचमन, सफाई, सामाईक वीज, पाणी, लिफ्टची देखभाल, ऑडिट, विमा, कार्यालय. दुसरे निधीचे: दुरुस्ती निधी आणि पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा सिंकिंग फंड. तिसरे बाहेरच्या भिंतींच्या दुरुस्तीसाठी एप्रिल २०२४ पासून चोवीस हप्त्यांत घेतली जाणारी खास वर्गणी, महिन्याला २,५००. (मालमत्ता कर आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटला वेगळा येतो, म्हणून तो यात नाही. जिथे तो सोसायटीच्या बिलातून जातो तिथे तो चौथा.) हे सगळं एका खांबात रचल्यावर "कशामुळे वाढलं?" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच मिळणार नव्हतं.

म्हणून मी तिन्हींच्या वेगळ्या रेघा काढल्या.

रोजच्या खर्चाची रेघ १,५५०वरून ३,२५०वर गेली, म्हणजे दहा वर्षांत दुपटीच्या किंचित वर. वर्षाला पावणेआठ टक्के. याच काळात देशातली किरकोळ महागाई सरासरी वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. नुसत्या महागाईने १,५५० रुपयांचे साधारण २,५०० झाले असते. उरलेल्या साडेसातशे रुपयांचा हिशेब खजिनदाराने द्यायला हवा. काकांचा राग रास्त होता तो इथपर्यंत.

त्या साडेसातशेतले चारशेच्या वर वॉचमन आणि सफाईचे निघाले. २०१४-१५ साली आमच्याकडे चार वॉचमन थेट सोसायटीने ठेवलेले होते. हातात रोख पगार, ना भविष्य निर्वाह निधी, ना ईएसआयचा कामगार विमा, ना साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस. एक आजारी पडला की दुसरा चोवीस तास उभा. त्याचाच फायदा आपल्या मेंटेनन्समध्ये दिसत होता. पुढे एजन्सीकडे काम दिलं, तेव्हा बिलात किमान वेतन, दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता, पीएफ, ईएसआय, बोनस, बदली माणसाची रक्कम, एजन्सीचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असं सगळं आलं. वाढ मोठी होती. पण २०१४ सालचा आकडा खरा होता आणि आजचा फुगवलेला आहे, असं समजणं चूक आहे. त्या वर्षी आपल्या बिलातला काही भाग ते चार वॉचमन भरत होते.

इथे एक काम प्रत्येक कमिटीने करावं असं मला वाटतं. एजन्सीचं दरपत्रक इतरांपेक्षा बरंच खाली असेल तर खूश न होता त्यातल्या ओळी मोजाव्यात, आणि दर महिन्याला बिलासोबत पीएफ भरल्याचं चलन मागावं, आपल्या इमारतीवरच्या माणसांच्या नावांसह. चलन मिळत नसेल तर स्वस्ताई कुठून आली ते कळतं. कंत्राटदाराने पीएफ बुडवला तर ती जबाबदारी काम करून घेणाऱ्या संस्थेपर्यंत येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावं.

विजेची गोष्ट वेगळी आहे आणि ती रुपयांच्या आलेखात अजिबात दिसत नाही. सामाईक विजेचं बिल दहा वर्षांत जवळपास दुप्पट झालं. घरच्या मीटरला पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा उपयोगी पडतो. जिन्यातले दिवे, दोन लिफ्ट आणि पाण्याचे पंप एकाच मीटरवर असले की बहुतेक युनिटं सर्वांत महाग टप्प्यात जातात. त्यामुळे दरवाढ सोसायटीला जास्त झोंबते. पण मी जुनी बिलं काढून युनिटं मांडली, तेव्हा महिन्याची १,३०० युनिटं १,५०० झालेली दिसली. दर आपल्या हातात नाही, पण ही दोनशे युनिटं कुठे गेली?

आमच्या प्लंबरला घेऊन एका रात्री मी पंपरूममध्ये गेले. पंप बंद केला आणि खालच्या टाकीचं झाकण उघडून दोघं ऐकत राहिलो. पंप बंद असतानाही टाकीत पाणी पडल्याचा बारीक, सलग आवाज येत होता. वर चढवलेलं पाणी उभ्या पाइपातून परत खाली येत होतं. पंपापुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजला होता. म्हणजे पंप तेच पाणी दोनदा चढवत होता. व्हॉल्व्ह बदलला आणि पुढच्या दोन बिलांत युनिटं खाली आली. विजेच्या आलेखात रुपये न दाखवता युनिटं दाखवा, असा माझा आग्रह तेव्हापासून आहे. पाण्याचंही तसंच: टँकरचे रुपये लिहिण्यापेक्षा किती टँकर आले ते लिहा. लिफ्ट, ऑडिट, विमा यांत सांगण्यासारखं फारसं नाही. ते महागाईच्या थोडं पुढे गेले, इतकंच.

आता दुसरी रेघ. माझ्या मते सगळ्या आलेखात तीच महत्त्वाची होती, आणि पहिल्या आलेखात ती कुणाला दिसलीच नाही, कारण ती हललीच नव्हती. २०१४-१५ साली दुरुस्ती निधी महिन्याला २२५ रुपये आणि सिंकिंग फंड ७५ रुपये, मिळून ३००. २०२४-२५ सालीही ३००. मधल्या काळात वॉचमनचा पगार वाढला, सिमेंट महागलं, गवंड्याची मजुरी वाढली; निधी तिथेच.

हा ३००चा आकडा आला कुठून, ते सांगायला हवं. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, दोन्ही निधींची किमान पातळी दिली आहे: दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. हा बांधकाम खर्च म्हणजे इमारत बांधताना झालेला, जमिनीची किंमत वगळून. आमच्या सरासरी ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटचा तो खर्च १९९८ साली ३ लाख ६० हजार धरला गेला. त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला ३,६००, महिन्याला ३००. हिशेब अगदी नियमाप्रमाणे. पण नियमातली रक्कम १९९८च्या रुपयांत गोठलेली, आणि दुरुस्ती मात्र आजच्या रुपयांत करायची. आज त्याच फ्लॅटचं बांधकाम चौरस फुटाला अडीच हजार धरलं तरी १५ लाखांचं होतं, आणि त्याचा एक टक्का महिन्याला १,२५० रुपये येतो.

उपविधींतला शब्द "किमान" आहे. त्यापेक्षा जास्त दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. पण वर्षानुवर्षं सभेत निधीचा विषय आला, की कुणीतरी म्हणायचं, "नियमाप्रमाणे घेतोय ना? मग झालं." आणि विषय पुढे सरकायचा. त्या सभांना मीही होते आणि मीही हात वर केला आहे.

त्याचा परिणाम २०२३ साली दिसला. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं. आमचं झालं तेव्हा अभियंता हातात छोटी हातोडी घेऊन पश्चिमेच्या भिंतीवर ठोकत चालला होता. टणक आवाज, टणक आवाज, आणि मग एका पट्ट्यात डबा वाजवल्यासारखा पोकळ. तिथलं प्लास्टर भिंतीपासून सुटलं होतं. खिडक्यांवरच्या छज्ज्यांत सळया उघड्या पडलेल्या. पावसाचं पाणी भेगेतून सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडतो. मग भेग रुंदावते आणि पाणी आणखी आत जातं. हे चक्र एकदा सुरू झालं की दरवर्षीच्या पावसाळ्यात वेग घेतं. भेगा केसासारख्या असताना भरल्या आणि बाहेरून चांगला रंग दिला, तर काम थोडक्यात होतं. आम्ही ते दोनदा पुढे ढकललं, कारण निधीत पैसे नव्हते.

आता काम ४२ लाखांचं निघालं. दोन्ही निधी मिळून वापरण्याजोगे १३ लाख २० हजार होते. उरलेले २८ लाख ८० हजार ४८ फ्लॅटवर वाटले, प्रत्येकी ६० हजार. हप्ते चोवीसच का ठेवले, यालाही कारण आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असलेल्या सोसायटीत महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांपुढे गेली की जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. बारा हप्त्यांत दरमहा पाच हजार घेतले असते, तर आमचं बिल ८,५५० झालं असतं. सनदी लेखापालांनी सांगितलं, मुदत वाढवा आणि त्या मर्यादेच्या आत राहा. आम्ही राहिलो.

हेच ६० हजार आधीच्या दहा वर्षांत, एकशेवीस महिन्यांत गोळा केले असते, तर महिन्याला ५०० रुपये पडले असते. मुदत ठेवीचं व्याज धरलं तर त्याहून कमी. त्याऐवजी दोन वर्षं दरमहा अडीच हजार. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. या दहा वर्षांत आमच्या इमारतीतले अनेक फ्लॅट विकले गेले. ज्यांनी २०१६ किंवा २०१९ साली विकले, त्यांनी स्वस्त मेंटेनन्स उपभोगला, भिंत त्यांच्या काळात भिजली, आणि ते एक पैसाही न देता गेले. पाचव्या मजल्यावर २०२३च्या दिवाळीत राहायला आलेलं तरुण जोडपं गृहकर्जाचा हप्ता भरतं आहे; त्यांच्या वाट्याला सहा महिन्यांत ६० हजारांची वर्गणी आली. त्यांनी ही भिंत भिजू दिली नव्हती. वॉचमननंतर आपल्या स्वस्त मेंटेनन्सचा दुसरा भागीदार हा: जो अजून राहायला आलाच नव्हता तो.

निधी वाढवण्याच्या विरोधात जे म्हटलं जातं, ते हलकं नाही. काकांनी सभेत सांगितलं, "माझं वय अठ्ठ्याहत्तर. दहा वर्षांनंतरच्या लिफ्टसाठी मी आज का भरू?" आणि पाचव्या मजल्यावरच्या ताईंनी उलट बाजूने तेच विचारलं, "आम्ही पाच वर्षांनी घर विकलं, तर निधीत भरलेले पैसे आम्हाला परत मिळतील का?" मिळत नाहीत. निधी सोसायटीचा असतो, सभासदाच्या नावावर साठत नाही. शेअर सर्टिफिकेट नव्या मालकाच्या नावावर होतं आणि निधी इमारतीबरोबर राहतो.

काकांना मी जे म्हटलं ते इथे लिहिते. दहा वर्षांनंतरच्या लिफ्टसाठी ते भरत नाहीत. आज त्यांना पहिल्या मजल्यावर नेणारी लिफ्ट रोज थोडी थोडी झिजते आहे आणि त्या झिजेची किंमत म्हणजे तो निधी. आणि पेन्शनवाल्या माणसाला कशाचा त्रास जास्त होतो, ते गेल्या दोन वर्षांनी दाखवून दिलं आहे. वर्गणीसाठी काकांना एक मुदत ठेव मुदतीआधी मोडावी लागली. महिन्याच्या बिलात पाचशे रुपये ठरलेले असते तर ती वेळ आली नसती. तरीही ज्यांचं उत्पन्न थांबलेलं आहे त्यांना ही वाढ जड जाणार, हे मी नाकारत नाही. म्हणूनच ती एकदम न करता टप्प्याटप्प्याने करावी.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर विक्रीच्या व्यवहारात आहे. घर घेणारा माणूस कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, मेंटेनन्स किती ते विचारतो आणि कमी आकडा ऐकून खूश होतो. निधीत किती पैसे आहेत, हे आमच्या कार्यालयात आजपर्यंत एकाही खरेदीदाराने विचारलेलं नाही. सोसायटी थकबाकी नसल्याचं पत्र देते, त्याच पत्रात दोन ओळी घालाव्यात असं माझं मत आहे: दर फ्लॅटमागे निधी किती शिल्लक आहे, आणि शेवटच्या संरचनात्मक परीक्षणात सांगितलेली किती कामं बाकी आहेत. खरेदीदाराला ते कळलं, तर भरलेल्या निधीची किंमत विकणाऱ्याला दरात मिळेल आणि न भरलेल्याची वजावटही त्यालाच सोसावी लागेल. सहकार खात्याने हा नमुना सगळ्यांसाठी ठरवून दिला तर फारच बरं, पण त्याची वाट न बघता कोणतीही कमिटी हे उद्यापासून करू शकते.

निधीचा आकडा बघायचा कुठे, हेही सांगते, कारण इथे फसगत होते. वार्षिक अहवालातल्या ताळेबंदात एका बाजूला "सिंकिंग फंड" आणि "दुरुस्ती निधी" यांपुढे रक्कम असते. ती वाचून बहुतेक सभासद समाधान मानतात. पण त्या बाजूचा आकडा म्हणजे सोसायटीने किती जमा केल्याचं कबूल केलं तेवढंच. ते पैसे खरंच आहेत का, हे दुसऱ्या बाजूला गुंतवणुकीत कळतं. तिथल्या मुदत ठेवींची बेरीज करा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. निधी १४ लाख आणि ठेवी ९ लाख असतील, तर पाच लाख कुठेतरी वापरले गेले आहेत.

बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. काही सभासद पैसे थकवतात, महिन्याच्या सात तारखेला एजन्सीचं बिल द्यायचं असतं, विजेची शेवटची तारीख असते, आणि चालू खात्यात पैसे नसतात. मग खजिनदार निधीची रक्कम ठेवीत टाकायचं पुढच्या महिन्यावर ढकलतो. पुढच्या महिन्यात तेच. मी हे केलं आहे, सलग पाच महिने, आणि नंतर भरून काढायला वर्ष लागलं. थकबाकीवर व्याज लावता येतं, वसुलीसाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाता येतं. पण शेजाऱ्यावर कारवाई करण्यापेक्षा निधीतून वेळ मारून नेणं सोपं वाटतं. म्हणून आता निधीसाठी बँकेत वेगळं खातं आहे आणि आलेखाखाली दर तिमाहीला दोन आकडे लिहिले जातात: निधी किती, ठेवी किती. फरक असेल तर तो का, ते एका वाक्यात.

नवा आलेख ऑगस्टमध्ये बोर्डावर लावला. तीन रेघा, तीन रंग, पट्टी शून्यापासून. त्याच्या शेजारी पुढच्या मोठ्या कामांचा तक्ता: काम कोणतं, अंदाजे कोणत्या वर्षी, आजच्या दराने किती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वरच्या टाकीची दुरुस्ती, पाण्याचे उभे पाइप, आणि सर्वांत मोठं म्हणजे दोन्ही लिफ्ट. लिफ्ट इमारतीइतक्याच जुन्या आहेत. देखभाल करणारी माणसं सांगतात, की कंट्रोलरचे काही सुटे भाग आता मिळत नाहीत, दुसऱ्या जुन्या लिफ्टचे काढून आणावे लागतात. २०३२च्या आत त्या बदलाव्या लागतील असा अंदाज आहे. दोन्ही मिळून २४ लाख, म्हणजे फ्लॅटमागे ५० हजार. एप्रिल २०२६ पासून बहात्तर महिने धरले, तर महिन्याला ६९४ रुपये.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत कमिटीने प्रस्ताव मांडला: मार्च २०२६मध्ये खास वर्गणी संपेल, त्यानंतर निधी ३००वरून १,२५०वर न्यावा. बिल ६,०५०वरून साडेचार हजारांच्या आसपास खाली येईल, तरी निधी चौपट होईल. दीड तास चर्चा झाली. आवाज चढले, पण कुणी कमिटीला चोर म्हटलं नाही. लोक आलेखावर बोट ठेवून बोलत होते आणि कोणत्या रेघेबद्दल बोलतो आहोत हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी तडजोड सुचवली: पहिली दोन वर्षं ९००, मग पुन्हा विचार. ती बहुमताने मंजूर झाली. मी विरोधात मत दिलं आणि कारण इतिवृत्तात लिहून घेतलं.

कारण साधं वजाबाकीचं आहे. ९००मधून लिफ्टचे ६९४ बाजूला काढले, तर भिंती, गच्ची, टाकी आणि पाइप यांच्यासाठी महिन्याला २०६ रुपये उरतात. गेली दहा वर्षं आपण यांच्यासह सगळ्यासाठी ३०० घेत होतो. नव्या आलेखात लिफ्टच्या रकमेची रेघ वेगळी दाखवली आहे; तिच्या खालची, उरलेल्या कामांची रेघ एप्रिल २०२६ला खाली जाताना दिसते. ती मी लाल रंगात काढली आहे आणि पुढच्या सभेपर्यंत ती बोर्डावर राहील.